निमंत्रकापुढचे ठिपके

चंदर फर्डे यांच्या नजरेतून चूक सुटत नाही, हे शहापुरात बहुतेकांना माहीत आहे. ज्यांना माहीत नव्हतं त्यांना चंदरभाऊंनी स्वतः सांगितलं आहे. एकतीस वर्षं त्यांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, दहाव्याची कार्डं, सत्यनारायणाची निमंत्रणं, सगळं त्यांच्या डोळ्यांखालून गेलं. मग पत्रिका मोबाईलवर जायला लागल्या आणि छापखाना बसला. यंत्रं गेली, तेलाचा वास तेवढा भिंतींत राहिला. त्याच गाळ्यात वाशिंदचा साईनाथ भाड्यानं आला आणि त्यानं वेबसाइट बनवायचं दुकान टाकलं. पहिल्याच महिन्यात त्याच्या एका साइटवर गिऱ्हाइकाच्या दुकानाचा पत्ता ‘येथे पत्ता लिहा’ असाच जगभर जाऊन बसला. भाडं घ्यायला आलेल्या चंदरभाऊंनी तो उभ्या उभ्या दाखवला आणि वर साईनाथची अशी काही बिनपाण्यानं केली, की त्यानं दुसऱ्या दिवशी त्यांना कामावरच ठेवून घेतलं.

तेव्हापासून कुठलीही साइट जगासमोर जायच्या आधी चंदरभाऊंच्या हातून जाते. रोज सकाळी आटगावहून शेअर रिक्षानं यायचं, चष्मा पुसायचा, पाण्याचा तांब्या उजवीकडे ठेवायचा आणि वाचायला बसायचं. वय बासष्ट. कॉम्प्युटर येतो कामापुरता. राग येतो मात्र भरपूर.

काम काय, तर जागा धरून बसलेला मजकूर हुडकायचा. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात ना, तसं असतं ते. गिऱ्हाइकाचा खरा मजकूर यायचा असतो, तोवर डिझाइन करणारा तिथं काहीतरी टाकून ठेवतो. बहुतेक ‘लोरेम इप्सम’ नावाची लॅटिन धाटणीची अक्षरं, ज्यांना काही अर्थ नसतो आणि नसावा हीच अपेक्षा असते. नाहीतर दहा वेळा नऊ असलेला फोन नंबर, ‘चाचणी चाचणी’ अशी बातमी, कुठल्यातरी परदेशी गावावर टाचणी टोचलेला नकाशा, तळाशी गेल्या सालचा आकडा. खरा पॅसेंजर आला तरी रुमाल सीटवरच राहिला, तर हसं होतं. म्हणून चंदरभाऊ प्रत्येक पान कॉम्प्युटरवर वाचतात, मग मोबाईलवर वाचतात, प्रत्येक बटण दाबतात आणि सापडलेलं सगळं एका यादीत लिहितात. यादी ऑनलाइन असते, म्हणजे इकडे लिहिलं की तिकडे डिझाइनवाल्याला दिसतं. पान कोणतं, जागा कोणती, काय राहिलंय, आणि शेवटच्या रकान्यात डिझाइनवाला लिहितो, ‘झालं’. यादीच्या माथ्यावर ठळक लिहिलेलं असतं: तपासणी, चंदर फर्डे. ते नाव त्यांनी साईनाथशी भांडून घालून घेतलंय.

या वेळची साइट मुरबाडच्या रुपालीबाईंची होती. शेतावरचं घर पाहुण्यांना राहायला देणं आणि घरचा तांदूळ विकणं, असा त्यांचा धंदा. दसऱ्याला साइट सुरू करायची म्हणून बाईंनी मुहूर्तच काढून ठेवला होता. साईनाथच्या हातात कामं फार, म्हणून त्यानं पहिल्यांदाच डिझाइन बाहेर दिलं, नाशिकच्या एका कंपनीला. कंपनीनं आठ दिवसांपूर्वी कच्ची साइट पाठवली. पासवर्ड टाकल्याशिवाय उघडत नव्हती, म्हणजे बाहेरच्यांना दिसायचा प्रश्न नव्हता. चंदरभाऊंनी यादीही त्याच दिवशी उघडून ठेवली होती, पण वाचायला बसले ते दसऱ्याला दोन दिवस राहिल्यावर.

पहिलं पान उघडलं आणि ते जरा नाराजच झाले. लॅटिन एक अक्षर नव्हतं. जागा धरणारा मजकूर चक्क मराठीत होता.

“आता हे काय नवीन?” त्यांनी साईनाथला विचारलं.

“बरंय की, भाऊ,” साईनाथ म्हणाला. “इंग्रजी अक्षरं टाकून मापं घेतली, की आपल्या वेलांट्या आणि मात्रा वरच्या ओळीत घुसतात. कुणीतरी समजूतदार माणूस दिसतोय.”

“ते मला सांगू नको. मी तुझ्या जन्माच्या आधीपासून वेलांट्या बघतोय.”

पण त्यांना पटलं होतं. छापखान्यात त्यांनी हेच शिकवलं होतं, ज्याला शिकवायचं त्याला. ती आठवण त्यांनी लगेच बाजूला सारली आणि यादीत लिहायला घेतलं. एक, पहिलं पान, मथळा नमुन्याचा. दोन, तांदळाचा भाव शून्य. तीन, नकाशा चुकीचा. चार, तळटीपेत गेलं वर्ष.

मग ‘पाहुणे काय म्हणतात’ हे पान आलं. तिथं गिऱ्हाइकांचे अभिप्राय यायचे होते. त्यांच्या जागी लिहिलं होतं:

‘जागा हवेशीर. पेंड वेळेवर मिळाली. रवंथ करायला भरपूर वेळ. पुन्हा नक्की येऊ. – ढवळी, आटगाव.’

खाली दुसरा: ‘ढवळी म्हणते तसंच. – सोन्या, आटगाव.’

चंदरभाऊ आधी खो खो हसले. साईनाथनं वळून बघितलं. मग हसणं मध्येच थांबलं आणि ते स्क्रीनकडे बघत राहिले.

ढवळी त्यांची गाय होती. सोन्या बैल. दोघंही मरून वर्षं झाली. आटगावच्या त्यांच्या गोठ्यातली ही नावं जगात किती जणांना माहीत असणार? त्यातही छापायच्या नमुन्यात ती घालणारं माणूस एकच होतं.

छापखान्यात गिऱ्हाइकाला दाखवायला पत्रिकांचा आल्बम असायचा. त्यातल्या कोऱ्या जागांत नावं घालायची कुणाची? चंदरभाऊंचा कायदा होता, नमुन्यात खऱ्या माणसाचं नाव घालायचं नाय. चुकून छापून गेलं तर बोंब. तेव्हा त्यांची बारा वर्षांची पोरगी स्नेहल कॉम्प्युटरला बसली आणि तिनं पत्रिका जुळवली: चि. सोन्या आणि चि. सौ. कां. ढवळी यांचा शुभविवाह. स्थळ, फर्डे यांचा गोठा. गिऱ्हाइकं पोट धरून हसायची आणि ऑर्डर देऊन जायची. चंदरभाऊ वरवर ओरडायचे, “काय गो, धंद्याचा खेळ करत्येस?” आणि संध्याकाळी घरी जाऊन सोमीला, बायकोला, तेच रंगवून सांगायचे.

सोमी गेली त्याला नऊ वर्षं झाली. स्नेहल गेली त्याला चार. सोमी देवाघरी गेली, स्नेहल नुसती नाशिकला. पण नाशिक काय, एका गाडीच्या अंतरावर. तेवढंही अंतर चंदरभाऊंना चार वर्षांत तुटलं नव्हतं.

झालं होतं ते असं. पोरीनं भगीरथशी लग्न ठरवलं. डोंगरातल्या वाडीवरचा पोरगा, घरात बोली वेगळी, जात वेगळी. शिकलेला, सरळ, पण चंदरभाऊंचं डोकं फिरलं ते फिरलंच. हजारो लोकांच्या लग्नाच्या पत्रिका ज्यानं छापल्या, त्यानं पोरीला सांगितलं, “माझ्या छापखान्यात तुझी पत्रिका छापायची नाय.” स्नेहल रडली नाही. ती बापावरच गेली होती. तिनं स्वतः पत्रिका जुळवली, एक कच्ची प्रत काढली आणि बापाच्या टेबलावर ठेवली. म्हणाली, “छापू नका. नुसती तपासून द्या. तुमी तपासल्याबिगर माझं काय छापून गेलंय कधी?” आणि गेली. चंदरभाऊंनी तो कागद न वाचताच खणात टाकला. चार दिवस तिनं वाट बघितली असेल. मग पत्रिका छापलीच नाही, नाशिकला नोंदणी करून लग्न झालं, असं लोकांकडून कळलं.

तो खण अजून तिथंच होता. साईनाथनं टेबल ठेवून घेतलं होतं, खण तेवढा चंदरभाऊंचा.

फोन नंबर होता का? होता. अंगठा त्या नावावर कितीदा ठेवला असेल, मोजदाद नाही. पण चार वर्षांनी बोलायचं काय? कशी आहेस? आणि तिनं विचारलं, आता कशी आठवण झाली, तर? तेवढ्या एका प्रश्नाला भिऊन हा तोंडाळ माणूस चार वर्षं गप्प बसला होता. रोज जेवताना समोरच्या पाटाकडे बघायचा आणि उठून जायचा. पोरीची आठवण त्याला नुसती यायची नाही, छळायची.

आता त्यांची नजर यादीच्या माथ्यावर गेली. तपासणी, चंदर फर्डे. म्हणजे तिला माहीत होतं. आठ दिवसांपूर्वी यादी उघडली तेव्हापासून तिला ठाऊक होतं, की हा मजकूर कोण वाचणार, आणि साइटमध्ये हवं ते घालायला तिला तेवढे दिवस मिळाले होते. ढवळी आणि सोन्या कुणासाठी बांधले होते ते कळल्यावर त्यांना पाणी प्यावं लागलं.

पण काम ते काम. त्यांनी लिहिलं: अकरा, अभिप्राय दोन्ही नमुन्याचे, काढावेत.

पुढचं पान फोटोंचं. रुपालीबाईंनी खोल्यांचे फोटो अजून पाठवले नव्हते, म्हणजे इथंही रुमालच असणार. त्या दिवशी नेट रडत होतं. फोटो लवकर उघडेना. चित्र येईपर्यंत त्याच्या जागी त्याचं वर्णन दिसतं, जे डोळ्यांनी न दिसणाऱ्यांना मोबाईल वाचून दाखवतो. पहिल्या चौकटीत होतं, ‘खोलीचा फोटो येथे’. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्या चौकटीत होतं:

‘सोमी, वय दीड वर्ष.’

चंदरभाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. अक्षरं तीच.

मग चित्र वरून खाली हळूहळू उतरू लागलं. आधी ओटीचं छप्पर. मग कपाळ, त्यावर काजळाची तीट. मग डोळे. ते डोळे त्यांनी पस्तीस वर्षं घरात बघितले होते. तेच, जरा रागावल्यासारखे. मग तोंडात कोंबलेली चार बोटं, आणि सगळ्यात शेवटी अनवाणी पाय.

“काय झालं, भाऊ?” साईनाथनं विचारलं.

“काय नाय. नेट बघ तुझं.”

दुकानात दुसरं कुणी नव्हतं म्हणून बरं. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं आणि उपरण्यानं दोन्ही डोळे दाबून धरले. सोमीचं नाव ठेवलंय पोरीनं. बापानं पत्रिका वाचली नाही, आणि तिनं आईचं नाव जगात परत आणलं. नात दीड वर्षाची झाली तरी आजोबाला पत्ता नाही. अरे, कसला माणूस तू चंदर! त्यांनी स्वतःला मनातल्या मनात जेवढ्या शिव्या येत होत्या तेवढ्या दिल्या, आणि त्यांना पुष्कळ येत होत्या.

तरी सुटका नव्हती. फोटो रुपालीबाईंचा नव्हता. दसऱ्याला तो तसाच जगासमोर गेला, तर कुणाचं मूल कुणाच्या धंद्यावर. चंदरभाऊ पाच मिनिटं की-बोर्डवर बोटं ठेवून बसले, मग एकेक अक्षर दाबलं: चौदा, तिसरा फोटो गिऱ्हाइकाचा नाही, काढावा. वर्णनही काढावं.

शेवटी राहिला चौकशीचा फॉर्म. नाव, फोन, ईमेल, निरोप, आणि ‘पाठवा’चं बटण. हा फॉर्म नुसता बघून चालत नाही, भरून पाठवावा लागतो. चंदरभाऊंची पद्धत ठरलेली. नावाच्या जागी ‘चाचणी’ लिहायचं, म्हणजे मालकाला ते खरं गिऱ्हाईक वाटत नाही. त्यांनी पाठवला. साईनाथनं रुपालीबाईंना फोन लावला.

“काय पण नाय आलं,” तिकडून आवाज आला. “दोनदा बघितलं मी.”

साईनाथनं फॉर्मच्या आतल्या सेटिंग उघडल्या आणि कपाळाला हात लावला. “बघा! निरोप कुठं जायचा तो पत्ता डिझाइनवालीचाच राहिलाय. चाचणीसाठी घातला असेल आणि विसरली. स्नेहल म्हणून कुणीतरी आहे. थांबा, मीच बदलतो.”

“हात लावू नको!”

साईनाथ दचकला. चंदरभाऊंचा आवाज त्याला नवीन नव्हता, पण यात रागाऐवजी दुसरंच काही होतं.

“यादीत लिहितो मी,” चंदरभाऊ खाली आवाजात म्हणाले. “ज्यानं घातलाय त्यानं बदलायचा, अशी रीत आहे ना आपली? जा, चहा पिऊन ये.”

साईनाथ गेला. पोरगा हुशार, पुढं काही विचारलं नाही.

आता यादीत ती ओळ लिहिली की तिकडे पत्ता बदलणार. मग या फॉर्ममधून जे जाईल ते मुरबाडला जाईल. तोवर मात्र ही वाट सरळ पोरीच्या दारात जात होती. चार वर्षांत फोन करायला जे धाडस झालं नाही, ते इथं कामाच्या नावाखाली करता येणार होतं. आत्ता नाही तर पुन्हा नाहीच, हे चंदरभाऊंना लख्ख कळत होतं.

त्यांनी खण उघडला. आल्बमच्या खाली तो कागद होता, दुमडलेला, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यांनी तो टेबलावर सरळ केला आणि चार वर्षांपूर्वी वाचायला हवा होता तसा वाचला. पेन हातात घेऊन, एकेका शब्दाखालून टोक फिरवत. गणपती जागेवर. वधूचं नाव, वराचं नाव. वराच्या वाडीचं नाव. ‘कै. सोमी चंदर फर्डे यांच्या आशीर्वादानं.’ तिथं पेन थोडा वेळ थांबलं. तारीख, वेळ, स्थळ. एक काना इकडचा तिकडं नव्हता. शिकवलंच होतं तसं.

आणि अगदी खाली: ‘आपला निमंत्रक’. त्याच्यापुढे नाव नव्हतं. नुसते ठिपके होते, ओळ संपेपर्यंत.

नमुन्यात खऱ्या माणसाचं नाव घालायचं नाय. पोरीनं कायदा पाळला होता. जागा धरून ठेवली होती, आणि ज्याची जागा त्यानं येऊन बसावं म्हणून चार दिवस थांबली होती. ठिपके ठेवून पत्रिका छापता येत नाही, म्हणून तिनं ती छापलीच नव्हती. हे चंदरभाऊंना आज समजलं.

त्यांनी फॉर्म पुन्हा उघडला. नावाच्या जागी सवयीनं ‘चाचणी’ लिहिलं. ईमेलच्या जागी स्वतःचा घातला. निरोपाच्या चौकटीशी आल्यावर तो कागद जवळ ओढला. मग लिहिलं:

‘प्रूफ वाचलं. उशीर झाला. एकच दुरुस्ती आहे. निमंत्रकापुढे ठिपके राहिलेत. तिथं घाल: चंदर फर्डे, आटगाव. फोटो यादीत घातलाय, काढावा लागेल. इथून काढ, पण माझ्याकडे पाठव.’

वर जाऊन ‘चाचणी’ खोडलं. ‘बाबा’ लिहिलं. आणि परत वाचायच्या आत ‘पाठवा’ दाबलं. उभ्या जन्मात तपासल्याशिवाय सोडलेला त्यांचा हा पहिला मजकूर.

लगेच त्यांच्या मोबाईलवर ईमेल वाजला. उघडून बघतात तर फॉर्मचं आपोआप जाणारं उत्तर: ‘आपला निरोप मिळाला. आम्ही लवकरच आपल्याशी संपर्क साधू.’

यंत्राचं उत्तर. पाठवणारा कुणी असो, हेच जातं. चंदरभाऊंना ते पक्कं माहीत होतं, तरी त्यांनी ते पाच-सहा वेळा वाचलं. रुपालीबाईंनी आपल्या शब्दांत काही लिहून दिलं नव्हतं, म्हणजे हाही नमुन्याचाच मजकूर. नियमानं यादीत यायला हवा. त्यांनी लिहिलं: एकोणीस, फॉर्मचा निरोप डिझाइनवाल्यांकडे जातो, मालकाचा पत्ता घालावा. वीस, फॉर्मचं आपोआप जाणारं उत्तर नमुन्यातलंच आहे.

‘बदलावं’ हा शब्द लिहायचा होता. तो काही केल्या हातातून उतरेना. शेवटी त्यांनी पुढे लिहिलं: वाक्य बरं आहे. राहू द्या.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीपेक्षा तासभर आधी आले. साईनाथनं शटर उघडेपर्यंत पायरीवर बसून होते. रात्रभर मोबाईल उशाशी होता आणि वाजला नव्हता. यादी उघडायला हात धजेना, म्हणून तेवढ्यात तांब्या दोनदा भरून झाला.

मग उघडली. एक, झालं. दोन, झालं. तीन, झालं. अकरा, झालं. ढवळी आणि सोन्या गेले होते. चौदा, झालं. फोटोच्या पानावर आता रुपालीबाईंनी रात्रीतून पाठवलेल्या खोल्या होत्या, आणि तिसऱ्या चौकटीत माडाखालचा एक पलंग. चंदरभाऊ त्या पलंगाकडे उगाच बघत बसले. एकोणीस, झालं. त्यांनी फॉर्म भरून पाठवला आणि मुरबाडहून रुपालीबाईंचा फोन आला, “आलं हो, आलं!” म्हणजे ती वाटही आता बंद झाली. पोरीनं सगळं चोख केलं होतं. एक गोष्ट राहिली नव्हती, एक शब्द जास्त नव्हता.

ते यादी बंद करणार, इतक्यात विसाव्या ओळीवर नजर गेली. ‘वाक्य बरं आहे. राहू द्या.’ आणि शेवटच्या रकान्यात, जिथं आजवर कुणी ‘झालं’शिवाय काही लिहिलं नव्हतं, तिथं लिहिलं होतं:

‘बरं, बाबा.’

“भाऊ,” साईनाथनं मागून विचारलं, “तपासून झालं का? रुपालीताई वाट बघतायत. सोडू का साइट?”

चंदरभाऊंनी यादी बंद केली.

“सोड,” ते म्हणाले. “आणि उद्या मी येणार नाय. दसऱ्याला नाशिकला जायचंय.”